आधी गार, मग गरम

हिंदुराव सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शहात्तर साली. सांगलीतलं आमचं कॉलेज तेव्हा नवं होतं आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा त्याहून नवी. सर त्या वेळी पंचविशीतले, अंगानं काटक, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. गाव लोणंदजवळचं, वडील फौजेत हवालदार. साताऱ्याला बी.एस्सी. करून ते आमच्याकडं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. मी पहिल्या वर्षाला होते. पुढं मी एम.एस्सी. करून त्याच कॉलेजात प्राध्यापिका झाले आणि सर मात्र डेमॉन्स्ट्रेटरच राहिले. मी रुजू झाले त्या दिवसापासून त्यांनी मला ‘मॅडम’ म्हणायला सुरुवात केली. मी चिडायचे, भांडायचे, पण त्या माणसापुढं माझं काही चाललं नाही.

त्यांचा जीव कॅलरीमापीच्या प्रयोगात. कॅलरीमापी म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, तांब्याचं एक छोटं भांडं. ते लाकडी पेटीत, कापसाच्या अस्तरात बसवलेलं असतं, म्हणजे आतली ऊब बाहेर जात नाही. चौऱ्याहत्तर साली गवतात गुंडाळून आलेली ती भांडी सरांनी स्वतःच्या हातानं सोडवली होती आणि दर दिवाळीच्या सुट्टीत ते ती चिंचेनं घासून लखलखीत करायचे. शिपायाला हात लावू द्यायचे नाहीत. मी म्हणायचे, सर, घरची भांडी तरी इतकी घासता का? त्यावर ते गालात हसायचे. घरची चंद्राबाई घासते आणि आपल्यापेक्षा चांगली घासते, असं त्यांचं उत्तर असे.

प्रयोग सोपा आहे. भांड्यात मोजून गार पाणी घ्यायचं, त्याचं तापमान बघायचं. दुसरीकडं तेवढंच पाणी तापवायचं, त्याचं तापमान बघायचं आणि ते झटक्यात भांड्यात ओतून ढवळायचं. दोन्ही पाणी सारखं असलं, तर मिश्रणाचं तापमान बरोबर मध्यावर यायला पाहिजे. पण ते मध्याच्या जरा खालीच थांबतं. कारण गरम पाण्याच्या उष्णतेतला थोडा वाटा भांडंही खातं. किती खातं, त्यावरून भांड्याची उष्माधारकता काढायची, म्हणजे ते भांडं एक अंशानं तापवायला किती उष्णता लागते ते.

सर हे सगळं पुस्तकातल्यासारखं कधीच सांगत नसत. टेबलाभोवती आम्हाला उभं करायचे आणि म्हणायचे, “हितं तिघं जण हायत. गार पानी, गरम पानी आन् भांडं. भांडं कुणाच्या पंगतीला बसलंय ते आधी वळखा. गार पान्याच्या पंगतीला बसलं आसंल तर ते घेनाऱ्यातलं. म्हनून आधी गार, मग गरम. इसरायचं न्हाई.”

आम्ही विसरलो नाही. माझ्या बरोबरीच्या बायका आता आज्या झाल्यात, त्यांना न्यूटनचे नियम आठवत नाहीत, पण रस्त्यात भेटल्या की ‘आधी गार, मग गरम’ हे हसत हसत म्हणून दाखवतात. सरांचं ओतणं बघण्यासारखं असे. एक थेंब बाहेर नाही, एक थेंब मागं नाही. आपल्या टेबलावरून चुकीचं काम कधी बाहेर पडलं नाही, एवढाच त्यांचा अभिमान होता. एम.एस्सी. झाली नाही, पगार वाढला तो सरकारनं वाढवला म्हणून वाढला, वर्गात कधी शिकवायला मिळालं नाही. पण ते टेबल त्यांचं होतं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते याच्याशिवाय कळायचं नाही.

दोन हजार नऊच्या गणपतीत चंद्राबाईंना अर्धांगाचा झटका आला. त्या मूळच्या तासगावच्या, मळ्यात खुरपणाऱ्या बायकांच्या घोळक्यात वाढलेल्या, बोलायला मोकळ्या आणि आवाजाला खणखणीत. त्या बाईची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मूलबाळ नव्हतं. बहिणीची सून काही दिवस येऊन राहिली आणि गेली. दिवसभर शेजारची एक म्हातारी, बनुबाई, त्यांच्यापाशी बसायची. पण सकाळचं सगळं, वेणी घालण्यापासून अंघोळीपर्यंत, सर स्वतः करायचे. त्यामुळं ते कॉलेजात उशिरा यायचे आणि प्रात्यक्षिक संपलं की लगेच सायकल काढायचे. पूर्वी संध्याकाळी टेबलापाशी अडलेल्या पोरांची रांग असायची, ती आता मोडली. सर सापडायचेच नाहीत.

त्याच सुमारास कॉलेजात मूल्यांकनाची समिती येणार म्हणून सगळ्यांची धावपळ चालली होती. प्रत्येकाचा ईमेल पत्ता पाहिजे, विद्यार्थ्यांना तो कळायला पाहिजे, असा हुकूम निघाला. सरांचा पत्ता मीच काढून दिला आणि तो बाकीच्यांबरोबर फळ्यावर लागला. सरांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. कधीतरी मीच उघडून बघायचे. आत काही नसायचं.

दिवाळीनंतर एक दिवस त्यात पत्र होतं. पहिल्या वर्षाच्या राही नावाच्या मुलीचं. मुलगी विट्याची, वडिलांचं दूर दक्षिणेत कुठंतरी सोनं गाळायचं दुकान. वर्गात ती तोंडातून चकार शब्द काढत नसे. विट्याच्या सायबर कॅफेत बसून तिनं मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. मला ते वाचताना घाम फुटला, म्हणून मी ते सरांसाठी देवनागरीत उतरवून काढलं.

“आदरणीय सर, मी तुम्हाला लॅबमध्ये दोनदा शोधलं, पण तुम्ही भेटला नाहीत, म्हणून ईमेल करते. राग मानू नये. माझ्या कॅलरीमापीची उष्माधारकता वजा छत्तीस आली. तुम्ही जर्नलमध्ये ‘चिन्ह चूक’ असं लाल पेननं लिहिलंय. मी गणित पुन्हा पुन्हा केलं, वजाच येतं. आमच्या बॅचच्या बहुतेकांचं वजा आलं होतं, त्यांनी चिन्ह खोडलं. पण सर, उष्माधारकता वजा म्हणजे भांड्याला उष्णता दिली की ते गार होणार. असं भांडं असू शकत नाही हे मला कळतं. मग माझं काहीतरी चुकलंय. चिन्ह खोडलं तर कुठं चुकलं ते कधीच कळणार नाही. तुम्ही दाखवलंत तसंच मी केलं होतं. कुठं चुकलं ते कृपा करून सांगा. तोवर चिन्ह तसंच ठेवते.”

मी कागद सरांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. बॅचच्या बहुतेकांचं, यावर त्यांचं बोट थांबलं होतं. मग त्यांनी राहीच्या बॅचची जर्नलं काढायला लावली. पोरांनी खोडलेलं असलं तरी आकडे खोटं बोलत नव्हते. गरम पाणी बासष्ट अंशांवर, गार सव्वीसवर, म्हणजे मध्य चव्वेचाळीस. मिश्रण मध्याच्या खाली पाहिजे. जवळजवळ सगळ्यांचं वर होतं. राहीचं होतं चव्वेचाळीस पूर्णांक आठ.

एका मुलीचं चुकलं असतं तर गोष्ट वेगळी. सगळ्यांचं एकाच बाजूला चुकतं तेव्हा चूक पोरांची नसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

विभागप्रमुखांच्या कानावर घालणं भाग होतं. माणूस वाईट नव्हता, पण समितीच्या काळजीनं पार पिचला होता. त्यांचं म्हणणं, मुलीला बोलावून सांगा, अधिकचं चिन्ह लाव, सही घे, विद्यापीठाच्या परीक्षेत एवढं कोण बघतंय. सर बाहेर गेल्यावर मात्र त्यांनी आवाज खाली करून मला वेगळंच सांगितलं. घरच्या आजारपणापासून हिंदुरावांचं लक्ष राहिलेलं नाही, आता पुढच्या मे महिन्यात ते निवृत्तच होणार. त्यांच्याकडून खरोखर अशी चूक झाली असेल, तर प्रात्यक्षिक काढून घेऊन त्यांना उपकरणांच्या भांडारात बसवावं, तेही त्यांच्या सोयीसाठीच. मला राग आला. पण दारात सर उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

त्या दुपारी आम्ही तापमापी तपासले. बर्फात घातले, उकळत्या पाण्यात घातले, दोन तापमापी शेजारीशेजारी धरले. ठीक होते. तराजू तपासला, वजनं तपासली, तीही ठीक. ढवळणी सगळ्या भांड्यांत जागेवर होती. न ढवळता वरवरचं तापमान घेतलं तर ते जास्त येतं, पण सबंध बॅच ढवळायला विसरेल हे काही पटणारं नव्हतं. दर खेपेला एक शंका खोटी ठरली की सरांचा चेहरा आणखी उतरायचा. उपकरणात दोष सापडला असता तर ते सुटले असते.

शेवटी मीच म्हटलं, सर, तुम्ही पोरांना दाखवता तसं एकदा मला करून दाखवा.

सरांनी पाणी तापवलं. उकळायच्या बरंच आधी उतरवलं. मी बाजूला उभी होते, पोरीसारखी, हात मागं बांधून. त्यांनी गरम पाणी उचललं आणि ते सावकाश, एक थेंबही न सांडता, रिकाम्या भांड्यात ओतलं. तापमान बघून टिपलं. मग गार पाण्याचं भांडं उचललं आणि ते त्यात घातलं. जराजरानं, थांबत थांबत, जसं अंघोळीच्या कडत पाण्यात गार पाण्याचं विसण घालतात तसं. ढवळलं. आणि तापमापी बघायच्या आधी उजव्या हाताची बोटं उलटी करून पाण्यात बुडवली.

प्रयोगशाळेत पाण्यात बोट घातलं म्हणून याच माणसानं एके काळी मला वर्गाबाहेर काढलं होतं.

सरांची बोटं तशीच पाण्यात होती. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि त्या ओल्या हाताकडं ते कितीतरी वेळ बघत राहिले.

“आधी गरम घातलं का गं मी?” त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला मॅडम म्हणाले नाहीत.

मी मान डोलावली.

ते स्टुलावर बसले. “तिला चटका कळत न्हाई,” ते म्हणाले. “त्या बाजूला कायच कळत न्हाई तिला. पैल्या आटवड्यात पानी जरा जास्त कडत ऱ्हायलं, तर कातडं लाल झालं. तिनं हूं की चूं केलं न्हाई. माज्याकडं नुसती बगत ऱ्हायली. तवापास्नं मी आधी कडत घेतो, मग इसन घालतो, हात लावून बगतो, पुन्ना घालतो. रोज सकाळी. हाताला त्येच वळन पडलं गं.”

पुढचं त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं, मला काही सांगावं लागलं नाही. गरम पाणी आधी घातलं की भांडं आधीच तापून बसतं. ते गरम पाण्याच्या पंगतीला जातं. मग गार पाणी पडलं की भांडंही गरम पाण्याबरोबर आपली उष्णता देतं, म्हणून मिश्रण मध्याच्या वर थांबतं. पण पोरांनी गणित मांडलं ते पुस्तकातलं, भांडं गारच्या बाजूला धरून. देणाऱ्याला घेणारा समजून हिशेब केला की उत्तर वजा येणारच. राहीचेच आकडे घेऊन सरांनी भांड्याला गरमच्या बाजूला मांडलं. उत्तर आलं अधिक एकोणचाळीस, आणि त्या भांड्याचं उत्तर चौऱ्याहत्तर सालापासून एकोणचाळीसच्याच आसपास येत होतं. पोरीचं एकही वाचन चुकलं नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, आता कळलं ना, मग पुरे. पुढच्या वेळी नीट दाखवा, राहीला मी समजावून सांगते, साहेबांना तापमापीचं काहीतरी सांगून टाकू. भांडारातली ती अंधारी खोली आणि तिथं बसलेले सर माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. त्यांच्याकडं दुसरं होतं काय? घरी अबोल झालेली बायको आणि इथं ते टेबल.

“पोरगीनं चिन्ह खोडलं न्हाई,” सर म्हणाले. “आन् मी खोडू?”

त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या बॅचला टेबलाभोवती उभं केलं. मीही होते, विभागप्रमुखही येऊन दारापाशी उभे राहिले. सरांनी आधी गरम घालून दाखवलं, मग दुसऱ्या भांड्यात आधी गार घालून दाखवलं. एकदा मध्याच्या वर, एकदा मध्याच्या खाली. मग ते म्हणाले, “तुमची वाचनं खरी हायत. मी तुमाला उलटं ओतून दावलं. भांडं गरमच्या पंगतीला बसवलं आन् तुमाला सांगितलं न्हाई. ज्यांनी चिन्ह खोडलं त्यांनी ते पुन्ना ल्ह्या आन् खाली कारण ल्ह्या. कारण माजी चूक, आसं ल्ह्या.”

का उलटं ओतलं ते त्यांनी पोरांना सांगितलं नाही. ते घरचं होतं.

राही सगळ्यांच्या मागं उभी होती आणि रडत होती. आपल्या पत्रानं सरांना असं उभं राहावं लागलं, असं तिला वाटत होतं. त्यांनी तिला पुढं बोलावलं, तिचं जर्नल घेतलं, स्वतःचे लाल शब्द स्वतःच कापले आणि खाली सही केली. पत्राचं उत्तरही द्यायला पाहिजे, असं म्हणून ते माझ्यासोबत संगणकापाशी बसले. एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, “राही, तू विचारलंस ते बरं केलंस. आकडा वाईट आला तरी तो हाकलायचा नसतो, त्याला विचारायचं असतं. भांडं बरोबर होतं, तूही बरोबर होतीस. हिंदुराव.” सबंध हयातीत त्यांनी केलेला तो एकच ईमेल.

विभागप्रमुखांनी शब्द पाळला. म्हणजे हवा तसाच पाळला. दुसऱ्या दिवसापासून प्रात्यक्षिकं माझ्याकडं आली आणि सरांना भांडारात टेबल मिळालं. सगळं अगदी गोड बोलून झालं. तुम्ही घरी लवकर जात जा, वहिनींकडं बघा, इथलं आम्ही पाहतो. मी भांडले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. सरांनीच मला थांबवलं. साहेब चुकीचं काय बोलतायत, असं त्यांनी उलट मला विचारलं. ज्याचा हात चुकतो त्यानं दुसऱ्याचा हात घडवू नये. आणि खरोखर ते चार वाजता सायकल काढायचे. बनुबाई सांगायची, आता संध्याकाळीही ते चंद्राबाईंचं अंग गरम पाण्यानं पुसून काढतात आणि दिवसभराचं सगळं त्यांना सांगत बसतात. चंद्राबाई डाव्या हातानं त्यांचा हात धरून ठेवायच्या म्हणे.

मी शिकवताना ‘भांडं कुणाच्या पंगतीला’ असं म्हणून बघितलं. माझ्या तोंडी ते शोभलं नाही.

माघात चंद्राबाई गेल्या. सकाळच्या वेळी, अंघोळ झाल्यावर, वेणी घालत असताना गेल्या. मी पोचले तेव्हा अर्धी वेणी तशीच होती आणि सर फणी हातात घेऊन बसले होते. न्हाणीत सरांच्या स्वतःच्या अंघोळीची बादली भरलेली होती आणि त्यातून अजून थोडी वाफ येत होती. बायकांनी शेवटची अंघोळ घालायला ते पाणी बाहेर आणलं, तेव्हा सर उठले आणि सगळ्यांदेखत त्यांनी बादलीत हात घालून पाहिलं. कुणी त्यांना अडवलं नाही.

तेरावं झाल्यावर ते कॉलेजात आले ते थेट भांडारात जाऊन बसले. चार वाजले तरी उठले नाहीत. शिपाई कुलूप घेऊन उभा राहिला तेव्हा उठले. असं रोज होऊ लागलं. मग विभागप्रमुखांनीच मला विचारलं, परीक्षा जवळ आलीय, पोरांना एकदा सगळे प्रयोग पुन्हा दाखवायचेत, हिंदुरावांना टेबल परत देऊ या का? आता त्यांना घरी लवकर जायचं काही नाही. ते सहज म्हणाले, आणि खरंच तर होतं.

सर टेबलापाशी आले. बाह्या दुमडल्या. भांडी त्यांनी आदल्या दिवशीच चिंचेनं घासून ठेवली होती. राही या खेपेला सगळ्यांच्या पुढं उभी होती. गार पाणी, गरम पाणी आणि भांडं असे तिघं जण त्यांनी पोरांना ओळखून दिले. मग गार पाणी उचललं आणि भांड्यात ओतलं. तापमान बघितलं. गरम पाणी उचललं आणि झटक्यात त्यावर ओतलं, एक थेंब बाहेर नाही, एक थेंब मागं नाही. ढवळलं. पाण्यात बोट घातलं नाही. उत्तर एकोणचाळीस आलं.

पोरांनी आकडा उतरून घेतला. मी सरांच्या हाताकडं बघत होते. तो हात त्या दिवशी चुकला असता, तर मला बरं वाटलं असतं.